घाटमाथ्यावरचा चहा

मुंबईकडे निघालेली रात्रीची गाडी पहाटे इगतपुरीला थांबते, ती काही कोणाला चहा मिळावा म्हणून नाही. पुढे थळ घाट असतो. सुमारे 15 किलोमीटरच्या उतारावर रूळ दर 37 मीटरला 1 मीटर खाली जातो. एवढ्या उताराला गाडी लावण्याआधी तिचे ब्रेक नीट धरतात की नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. उलट दिशेने, म्हणजे कसाऱ्याहून चढून येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावलेली असतात. रेल्वेच्या भाषेत ती ‘बँकर’. घाटमाथ्यावर पोचलं की ती सोडवून परत खाली न्यायची असतात. गाडी उभी राहते ती या कामांसाठी. रेल्वे आपलं काम करत असते आणि त्या अवधीत फलाटावरचा माणूस हातातली किटली घेऊन डब्याकडे धावतो.

थळ घाटाचा मार्ग 1865 साली खुला झाला, तेव्हापासून इगतपुरी हे थांबायचंच ठिकाण आहे. वाफेच्या काळात इथे इंजिनांची देखभाल व्हायची, पाणी भरलं जायचं. पुढे विजेची इंजिनं आली आणि थांबा कमी होण्याऐवजी आणखी पक्का झाला. मुंबईपासून इगतपुरीपर्यंतच्या तारांत 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि इगतपुरीच्या पुढे भुसावळच्या दिशेने 25,000 व्होल्टचा एसी. एका प्रवाहावर चालणारं इंजिन दुसऱ्यावर चालत नसे, त्यामुळे जवळपास प्रत्येक गाडीचं इंजिन इथे बदललं जाई. जुनं सुटायचं, बाजूला व्हायचं, नवं येऊन जोडलं जायचं. त्यात पंधरा-वीस मिनिटं सहज जात. त्या काळात प्रवास केलेली माणसं इगतपुरीचा चहा अजून आठवतात, त्यात या पंधरा-वीस मिनिटांचा वाटा मोठा आहे. खाली उतरून, टपरीसमोर उभं राहून, दुसरा कप मागण्याइतका वेळ हाताशी होता. पुढे सगळीकडे एकच प्रवाह झाला, इंजिन बदलण्याची गरज संपली आणि थांबा आक्रसला. आता बऱ्याच गाड्या इथे मोजकीच मिनिटं उभ्या असतात. रात्रीच्या प्रवाशाची आणि चहावाल्याची गाठ पडते ती या उरलेल्या मिनिटांत.

ही गाठ कशी पडते हे पाहण्यासाठी एक प्रवासी डोळ्यांसमोर आणावा. तो अकोल्याला रात्री स्लीपर डब्यात चढलेला आहे. जागा मधल्या बर्थची. दिवसभर दुकानात उभं राहून, सामान आवरून, स्टेशनवर तासभर आधी येऊन थांबलेला. भुसावळपर्यंत समोरच्यांच्या गप्पा, मग नाशिक येईपर्यंत तुकड्या-तुकड्यांची झोप. पहाटे चारच्या सुमारास गाडी हिसका देऊन थांबते, फलाटावरचा पांढरा उजेड खिडकीतून डोळ्यांवर येतो आणि तो उठून बसतो.

या वेळी त्याच्या शरीरात काय चाललेलं असतं, ते समजून घेतलं की त्या कपाची गोडी कुठून येते ते कळतं. माणसाच्या शरीराचं तापमान दिवसभर सारखं नसतं. ते संध्याकाळी सर्वांत जास्त असतं आणि पहाटे, साधारण चार-पाचच्या दरम्यान, सर्वांत खाली येतं. सावधपणाही तेव्हा तळाला असतो. त्यात गाढ झोपेतून अचानक जाग आली तर मेंदू लगेच कामाला लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तासही, माणूस जागा असून जागा नसतो. चपला सापडत नाहीत, स्टेशनची पाटी वाचूनही नाव डोक्यात शिरत नाही. बाहेर घाटमाथ्यावरची हवा असते. डिसेंबर-जानेवारीत तिथला गारठा खिडकीच्या फटीतून आत येतो आणि पावसाळ्यात सगळं फलाट धुक्यात आणि ओलीत असतं. अशा वेळी हातात आलेल्या गरम कपाने आधी बोटं तापतात, मग घसा, मग छाती.

तरतरी मात्र त्या घोटाने लगेच येत नाही, जरी तसं वाटलं तरी. एका कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असतं. ते रक्तात उतरून पूर्ण जोर धरायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे इगतपुरीला प्यायलेल्या चहातलं कॅफीन अंगात भिनेपर्यंत गाडी बोगदे ओलांडून, घाट उतरून, कसाऱ्याच्या पुढे गेलेली असते. कल्याणला सामान उतरवताना जो हुशारलेपणा असतो, तो इगतपुरीच्या कपाचा. इगतपुरीला मिळते ती ऊब, थोडी साखर आणि रात्र सरली अशी खात्री. थकलेल्या माणसाला तेवढ्याने बरं वाटतं.

आता फलाटाकडे यावं. चहावाल्याचं काम गाडी येण्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. कोणती गाडी किती उशिरा धावते आहे, कोणत्या फलाटावर घेणार आहेत, तिचे स्लीपरचे आणि जनरलचे डबे नेमके कुठे उभे राहतात, हे त्याला तोंडपाठ असतं. डब्यांचे आकडे दाखवणाऱ्या पाट्या अलीकडच्या. त्याआधीपासून खांब, नळ आणि पुलाचे जिने यांच्या खुणांवर त्याचा हिशेब चालत आला आहे. आधण कधी ठेवायचं हे तो गाडीच्या वेळेवरून ठरवतो. फार आधी उकळला तर चहा कडवट होतो, फार उशीर केला तर गाडी निघून जाते. नाशिक रोडहून गाडी सुटल्याचं कळलं की अजून बराच वेळ आहे आणि घोटीच्या पुढे आली की पातेलं उतरवायची वेळ झाली, असं त्याचं गणित असतं.

पातेल्यातला क्रम घरच्यासारखाच, फक्त मोठ्या मापाचा. पाण्यात ठेचलेलं आलं आणि साखर, उकळी फुटली की चहाची पूड, ती दोन-तीन मिनिटं उकळली की दूध, मग पुन्हा वर येईपर्यंत. उतू जायला आलं की आच कमी आणि पुन्हा एकदा वर. मग कापडी गाळणीतून थेट किटलीत किंवा तोटी लावलेल्या स्टीलच्या डब्यात. कापड पिळून घेतात, कारण चोथ्यात बराच अर्क अडकलेला असतो.

यात लागते ती दाणेदार सीटीसी पूड. पान चिरडून, फाडून, वळवून तिचे दाणे करतात. हे यंत्र 1930 साली आसामात अमगुरी बागेत विल्यम मॅकर्चर यांनी तयार केलं. अख्ख्या पानाचा चहा हळूहळू उतरतो आणि दुधात हरवून जातो. दाण्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने रंग आणि तुरटपणा मिनिटा-दोन मिनिटांत पाण्यात येतो आणि दूध घातल्यावरही टिकतो. शिवाय कमी पुडीत जास्त कप निघतात. गाडीच्या वेळेशी बांधलेल्या धंद्याला याहून सोयीची पूड मिळणं कठीण. आपण ज्याला ‘स्टेशनचा चहा’ म्हणतो ती चव सीटीसीशिवाय तशी झालीच नसती.

आणि हा चहा फलाटावर आला तोही आपोआप आला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात चहा पिकत होता भरपूर, पण तो जहाजातून बाहेर जात होता. इथली सामान्य माणसं दूध, ताक, पाणी पीत. 1903 साली निर्यातीच्या चहावर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात मळेवाल्यांच्या संघटनेने एक युक्ती काढली. पंजाब, बंगाल, वायव्य प्रांत या भागांतल्या मोठ्या जंक्शनांवर लहान विक्रेत्यांना किटल्या, कप आणि चहाची पाकिटं द्यायची आणि गाड्या थांबल्या की चहा विकायला लावायचा. प्रवासी अडकलेला असतो, थकलेला असतो, त्याच्यासमोर गरम पेय आणून ठेवलं तर तो घेणारच, हा त्यामागचा विचार. तो अचूक ठरला. स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या सचित्र पाट्याही देशी भाषांत लागल्या. उकळतं पाणी घ्या, पूड मोजून घाला, झाकून ठेवा, दूध-साखर शेवटी.

विक्रेत्यांनी पाट्या लागू दिल्या आणि चहा आपल्या पद्धतीने केला. प्रचारकांना हवा होता फिक्या दुधाचा, वरून दूध घातलेला, इंग्रजी वळणाचा चहा. फलाटावर बनला तो भरपूर दूध-साखरेचा, एकत्र उकळलेला, पुढे आल्या-वेलचीचाही. प्रचारकांची तक्रार नुसती चवीची नव्हती. मसाला आणि दूध घातलं की कमी पुडीत कप भरतो आणि त्यांना तर पूड खपवायची होती. या भांडणात विक्रेत्याचं म्हणणं टिकलं, ते चांगलंच झालं असं म्हणावंसं वाटतं. रिकाम्या पोटी रात्रभर बसून आलेल्या माणसाला नुसता तुरट अर्क नको असतो, त्याला थोडं दूध आणि गोड हवं असतं. चहातला तुरटपणा ज्या घटकांमुळे येतो, त्यांना दुधातली प्रथिनं धरून ठेवतात आणि घोट मऊ लागतो. किटलीवाल्याला हे रसायन ठाऊक नव्हतं, गिऱ्हाईक मात्र ठाऊक होतं.

त्या काळातली एक गोष्ट विसरू नये. फलाटावरचं पाणी आणि चहा धर्माच्या नावाने वेगळे असत, ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ अशा हाका मारून विकले जात. दलितांना तर त्या पाण्याच्या भांड्याजवळही नीट जाता येत नसे. एकाच किटलीतून शेजारच्या खिडक्यांत कप जाणं ही आज साधी वाटणारी बाब स्वातंत्र्याच्या आगेमागे घडलेली आहे, आणि ती घडावी म्हणून माणसांना झगडावं लागलं आहे.

इगतपुरीच्या फलाटावर आता गाडी थांबलेली आहे. थांबा पाच मिनिटांचा धरू. पहिलं अर्धं मिनिट गाडी पूर्ण थांबून खिडक्या वर होण्यात जातं आणि शेवटचं अर्धं मिनिट सिग्नलकडे बघण्यात. राहिली चार मिनिटं. कप किटलीखाली धरणं, भरणं, गजांतून आत देणं, पैसे घेणं आणि पुढच्या खिडकीपर्यंत दोन पावलं, याला दहा-बारा सेकंद लागतात. म्हणजे एक माणूस फार तर वीस-चोवीस कप देऊ शकतो. जुन्या बनावटीच्या एका स्लीपर डब्यातच 72 बर्थ असतात. सगळ्यांना चहा पोचवणं शक्यच नाही. म्हणून तो आवाज देत देत चालतो आणि ज्या खिडकीतून हात बाहेर येईल तिथेच थांबतो. अनुभवी विक्रेता रात्री आवाज खालच्या पट्टीत ठेवतो. झोपलेल्याला उठवून चहा खपत नाही, जागा असलेल्याला तो आवाज पुरतो.

“दादा, इकडे एक.”

“घ्या काका. कप वरून धरा, खाली तापलाय.”

“साखर कमी नाही का मिळणार?”

“सगळा एकाच पातेल्यातला आहे काका. सुट्टे आहेत ना?”

एवढाच संवाद, आणि यात सगळं आलेलं असतं. कप वरच्या कडेला धरायला सांगणं ही काळजी आहे आणि वेळेची बचतही. सांडला तर भाजतं आणि दुसरा कप भरून द्यावा लागतो. कप खिडकीच्या आडव्या गजांमधून जावा लागतो, म्हणून तो काठोकाठ भरत नाहीत. आधी कप आत जातो आणि नंतर पैसे बाहेर येतात, हा क्रमही ठरलेला. नोट पाकिटातून निघेपर्यंत दुसऱ्या खिडकीतला कप भरून झालेला असतो. गाडी हलली तर चहावाला दहा-वीस पावलं खिडकीबरोबर चालतो, पळतो, आणि बहुतेक वेळा पैसे हातात पडतात. कधी पडत नाहीत. कधी प्रवाशाची शंभराची नोट त्याच्याकडे राहते आणि उरलेले पैसे परत करायला तोच धावतो.

आता पैशाचाच विषय निघाला आहे तर तो नीट पाहिला पाहिजे, कारण चहाच्या कपाबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे. रेल्वेच्या दरपत्रकात साध्या चहाचा दर गेली अनेक वर्षं 5 रुपये आहे. त्यात 150 मिलिलिटर चहा, 170 मिलिलिटर मावणाऱ्या कपात मिळायला हवा. टी-बॅगचा चहा असेल तर 10 रुपये. प्रत्यक्षात रात्रीच्या फलाटावर बहुतेकदा छोटा कप हातात येतो आणि 10 रुपये मागितले जातात. प्रवासी चिडतो, विक्रेता खांदे उडवतो.

लहान गावातल्या किरकोळ भावाने एक हिशेब मांडून बघू. 150 मिलिलिटरचे 100 कप म्हणजे 15 लिटर चहा. अर्धं दूध धरलं तर साडेसात लिटर, 60 रुपयांनी 450 रुपये. पूड पाव किलो, 80 रुपये. साखर किलोभर, 45 रुपये. आलं-वेलची 20, गॅस 45, कागदी कप 60. एकूण 700 रुपये, म्हणजे कपामागे 7 रुपये. दूध एक तृतीयांशावर आणलं तर खर्च साडेपाच रुपयांपर्यंत उतरतो. यात परवान्याची फी नाही, माणसाची मजुरी नाही, गाडी रद्द झाल्यावर ओतून द्यावा लागणारा चहा नाही. थोडक्यात, दरपत्रकातला चहा दरपत्रकातल्या मापाने आणि बऱ्यापैकी दूध घालून दिला तर प्रत्येक कपाला तोटा होतो. घाऊक दूध आणि पूड घेणाऱ्याचा खर्च थोडा कमी होईल, पण एवढा नाही की मजुरीही निघावी.

मग काय होतं? कप 80 मिलिलिटरवर येतो, दुधात पाणी वाढतं आणि दर 10 रुपये होतो. अशा कपाचा माल साधारण 3 रुपयांत बसतो. उरलेल्या 7 रुपयांत परवानाधारकाचा हिस्सा, परवान्याची फी, वाया गेलेला माल आणि चहावाल्याचं कमिशन येतं. बहुतेक ठिकाणी रात्री किटली घेऊन धावणारा माणूस स्टॉलचा मालक नसतो. निविदा भरून परवाना घेणारा वेगळा, आणि कपावर किंवा रोजावर काम करणारा वेगळा. प्रवाशाचा राग मात्र समोर दिसतो त्याच्यावरच निघतो. जास्त पैसे घेणं नियमाविरुद्ध आहे आणि त्याची तक्रार 139 या क्रमांकावर करता येते, ती जरूर करावी. पण 5 रुपयांचा दर वर्षानुवर्षं कागदावर तसाच ठेवायचा आणि तो पाळला जात नाही म्हणून किटलीवाल्याला धरायचं, हे न्यायाचं नाही. दर परवडेल असा ठरवावा आणि मग मापाची तपासणी कडक करावी. मोठ्या कपाला 10 रुपये द्यायला फारसं कोणी नाही म्हणणार नाही.

फलाटावर दिसणारे सगळेच परवान्याचे नसतात. अधिकृत विक्रेत्याकडे गणवेश, ओळखपत्र आणि आरोग्य तपासणीचा दाखला असायला हवा. परवान्याशिवाय गाडीत किंवा रेल्वेच्या हद्दीत विक्री करणं हा 1989च्या रेल्वे कायद्याच्या कलम 144 खाली गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पहाटेच्या अंधारात चहाचा डबा घेऊन उलट्या बाजूने, रुळांवरून डब्यात चढणारी पोरं असतात, ती बहुधा या वर्गातली. त्यांच्यातल्या काहींच्या डब्याखाली पेटलेला कोळसाही असतो. भरलेल्या डब्यात निखारे घेऊन फिरणं हे केवळ नियमबाह्य नाही, धोक्याचं आहे, आणि ते दिसलं तर चहा कितीही गरम असला तरी घेऊ नये.

डब्यातला चहा गरम राहतो कसा, हे समजलं की ताजा आणि शिळा ओळखणंही सोपं जातं. भरलेली किटली सावकाश निवते, अर्धी झालेली लवकर निवते, कारण उष्णता साठवायला आत चहाच कमी राहतो. म्हणून विक्रेता एक तर किटली लहान ठेवतो आणि परत परत भरतो, किंवा डब्याखाली आच ठेवतो. आच ठेवलेला चहा गरम राहतो, पण आतल्या आत शिजत जातो. दुधाला करपट-गोडसर वास येतो, रंग विटकरीवरून काळपट तपकिरीकडे जातो, वर साय धरते आणि घोट घेतल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळतो. तासाभरापूर्वीच्या चहात पुन्हा पाणी-दूध टाकून उकळलं असेल तर रंग गडद आणि चव पातळ, असा विचित्र मेळ लागतो. एवढं एका घोटात कळतं.

वाफेवरून मात्र काही ठरवू नये. गारठ्यात कोमट चहावरही वाफ दिसते, कारण वरची ओलसर ऊब थंड हवेला लागताच तिचे बारीक थेंब होतात. उन्हाळ्यात दुपारी त्याहून गरम कपावर वाफ दिसणारही नाही. आणि फार गरम चहा घाईने पिण्याचीही गरज नाही. 65 अंशांपेक्षा जास्त गरम पेयं नेहमी पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढण्याची शक्यता असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2016 साली सांगितलं आहे. कप आत आलेला असला की गाडी सुटली तरी चालते. तीन-चार मिनिटं थांबून प्यावा.

कप कशाचा असावा, यावर रेल्वेत बराच विचार झाला. 2004 साली रेल्वेमंत्री झालेल्या लालूप्रसाद यादवांनी मातीचे कुल्हड आणले आणि 2020 साली पियूष गोयल यांनी पुन्हा तीच घोषणा केली. कुंभारांना काम मिळावं आणि प्लास्टिक कमी व्हावं, हे दोन्ही हेतू चांगले होते. उत्तरेत कुल्हड काही ठिकाणी टिकले. घाटमाथ्यावरच्या चार मिनिटांत ते जमत नाहीत, याचं कारण साधं आहे. एका हातात किटली असताना दुसऱ्या हातात शंभर कागदी कपांची चळत मावते. शंभर कुल्हडांना टोपली लागते, ती जड असते आणि धावताना त्यातले काही फुटतात. स्टॉलवर उभं राहून पिणाऱ्याला कुल्हड द्यायला काहीच हरकत नाही.

गेल्या काही वर्षांत या धंद्याला सगळ्यात मोठा धक्का दिला तो खिडकीने. वातानुकूलित डब्यांच्या काचा उघडत नाहीत आणि बऱ्याच गाड्यांत स्लीपरचे डबे कमी करून थर्ड एसीचे वाढवले गेले. ज्या डब्यात वीस खिडक्यांतून वीस हात बाहेर यायचे, तिथे आता दोन दारं उरली. चहावाला दारापाशी उभा राहतो आणि जागा असलेला प्रवासी सामान ओलांडत दारापर्यंत येतो. तोवर थांब्यातली दोन मिनिटं गेलेली असतात. काही विक्रेते दारातून आत शिरतात आणि बर्थच्या मधल्या वाटेने जातात. तेव्हा गाडी सुटली तर पंचाईत होते. गाडी कसाऱ्याला थांबणारी नसेल तर माणूस कल्याणपर्यंत जातो आणि परतीची गाडी धरून येईपर्यंत त्याची सकाळ गेलेली असते. म्हणून इगतपुरीचा जुना विक्रेता एसीच्या दारात पाय ठेवतो, पण दोन्ही पाय आत टाकत नाही.

पैशांचा क्रमही बदलला आहे. आता कपाबरोबर क्यूआर कोडचं कार्ड खिडकीपाशी येतं. गजांतून मोबाइल धरून ते वाचायचं, रक्कम टाकायची, पिन टाकायची, आणि घाटमाथ्यावरच्या नेटवर्कची वाट बघायची. रोख नोटेला लागणाऱ्या तीन सेकंदांच्या जागी पंधरा-वीस सेकंद लागतात, म्हणजे एका थांब्यात दोन-चार कप कमी जातात. काही विक्रेत्यांनी यावर तोड काढली आहे. ते मोबाइल नंबर ठळक अक्षरांत छातीवरच्या बिल्ल्याशेजारी लावतात आणि ‘नंतर टाका’ म्हणून पुढच्या खिडकीकडे जातात. गाडी बोगद्यांतून उतरत असताना नेटवर्क येत-जात राहतं. पैसे येतात ते गाडी कसाऱ्याच्या खाली पोचल्यावर, कधी कल्याणहून, आणि काही येतच नाहीत. ही बुडीत धरूनही हिशेब जमतो असं त्यांचं म्हणणं आहे, कारण सुट्ट्यांच्या घोळात पूर्वीही तेवढं बुडतच होतं. तोवर पुढची गाडी घोटीच्या पुढे आलेली असते आणि पातेल्यात नवं पाणी चढलेलं असतं.